साक्षगंध झालं, पण लग्न नको: सोयरीक कशी थांबवायची

आपल्याकडे साक्षगंध झालं की गाव लग्न झाल्यातच जमा धरतं. साडी, अंगठी, नारळ झाले, दोन्हीकडची शंभर-दीडशे माणसं जेवून गेली, आणि त्याच रात्रीपासून दोघांचे फोन सुरू झाले. लग्नाची तारीख मात्र चार-पाच महिन्यांनी असते, कारण कापूस, तूर, हरभरा विकून पैसा हातात आल्याशिवाय कास्तकाराच्या घरी मांडव पडत नाही. याच मधल्या काळात काहींना कळतं की हे लग्न आपल्याला नको. हा लेख त्यांच्यासाठी आहे, मुलगी असो की मुलगा.

अशा वेळी सहसा होतं असं की कोणी सरळ बोलतच नाही. फोन उचलणं कमी होतं, आजीची तब्येत बिघडते, पत्रिकेत अचानक दोष निघतो, तारीख आखाजीनंतर ढकलली जाते. तिकडे समोरच्या घराने मंगल कार्यालयाचा इसार दिलेला असतो आणि बिछायतवाल्याला सांगून ठेवलेलं असतं. नकार ऐकून माणूस दुखावतोच, पण आपल्याला महिनाभर झुलवत ठेवलं हे कळल्यावर तो अपमान धरतो, आणि दोन घरांचं वैर बहुतेक वेळा तिथून सुरू होतं.

सगळं नीट दिसावं म्हणून एक उदाहरण सोबत घेऊ. मुलगी दारव्हा तालुक्यातली, जीएनएम झालेली, यवतमाळला दवाखान्यात नर्स. मुलगा कारंज्याकडचा, नऊ एकर वावर, घरी आई आणि आजारी वडील. साक्षगंध पौषानंतर झालं, लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात. फोनवर बोलता बोलता स्पष्ट झालं की त्याच्या घराला घरी राहणारी सून हवी आहे आणि हिला नोकरी सोडायची नाही. यात वाईट कोणीच नाही. अशीच सोयरीक थांबवायला सगळ्यांत अवघड जाते, कारण बोट ठेवायला दोष सापडत नाही आणि मग लोक दोष तयार करतात.

आधी स्वतःपुरतं ठरवा

जी शंका विचारून सुटू शकते तिच्यावरून सोयरीक मोडू नका. ‘मुलाच्या नावावर जमीन नाही म्हणे’, ‘कर्ज आहे म्हणे’ हे पानटपरीवरचं बोलणं असतं. bhulekh.mahabhumi.gov.in वर गाव आणि गट नंबर टाकला की सात-बारा फुकट पाहता येतो. जमीन कोणाकोणाच्या नावावर आहे आणि इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, हे त्यावर दिसतं. नऊ एकर सांगितली आणि सात-बारावर तीन भावांची सामाईक निघाली, तर ते आधी विचारा. सामाईक जमीन म्हणजे खोटं बोलणं नव्हे. खातेफोड व्हायची राहिली असेल.

सिकलसेलचंही तसंच. विदर्भात हा आजार बराच आहे, म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं. दोघंही वाहक, म्हणजे ‘एएस’ निघाले, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं रक्त नॉर्मल असेल तर बाळाला आजार होत नाही, फार तर तेही वाहक होतं, आणि वाहक माणूस आजारी नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातली साधी चाचणी फक्त इशारा देते. पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने होतं. ती होईपर्यंत आणि समुपदेशकाशी दोघंही बोलेपर्यंत निर्णय घेऊ नका. दोघं वाहक असूनही काही जण लग्न करतात, कारण गर्भाची तपासणी करता येते. नाही करायचं ठरलं, तर समोरच्याचा रिपोर्ट गावात कोणाला दाखवायचा नाही, अगदी मामालाही नाही.

विचारून झालं, उत्तर मिळालं आणि तरी मन मानत नाही, तर तुमच्याकडे निर्णय आहे. आपल्या नर्सने दोन वेळा विचारलं होतं, दोन्ही वेळा तो म्हणाला, “सध्या कर, मंग पाहू.” त्याची आई मात्र साक्षगंधाच्या दिवशीच म्हणाली होती की आता घर हिलेच पाहाचं आहे. ‘मग पाहू’ हे उत्तर नसतं. ते होकार म्हणून घेऊ नका आणि नकार म्हणून भांडूही नका. शेवटचं एकदा नेमकं विचारा: “लग्नानंतर मी यवतमाळची नोकरी करत राहीन, हे घरी सांगून तुम्ही येत्या रविवारपर्यंत मला कळवाल का?” रविवार गेला आणि कळवलं नाही, तर ते उत्तर आहे.

भांडण झालेल्या दिवशी ठरवू नका. आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि कारण एका वाक्यात कागदावर लिहून पाहा. ‘तो असा आहे’ असं ते वाक्य निघत असेल तर पुन्हा लिहा. ‘मला हे हवं आहे, तिथे ते होणार नाही’ अशा सुरात ते उतरलं की पुढे सगळीकडे तेच एक वाक्य कामाला येतं. काही केल्या कारण लिहिता येत नसेल आणि तरी नकोच वाटत असेल, तर ‘मला हे लग्न करायचं नाही’ एवढंही पुरे. कारण सापडत नाही म्हणून मांडवात उभं राहू नये.

मारहाण, हुंड्याची मागणी किंवा फोटो पसरवायची धमकी असेल तर मात्र हे आठ-दहा दिवस, शेवटचं विचारणं, काहीच लागत नाही. हुंडा मागणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, लग्न व्हायच्या आधी मागितला तरीही. तिथे नकार घरच्यांमार्फत कळवायचा, एकट्याने भेटायचं नाही.

घरी सांगणं

पहिल्यांदा आपल्या घरी. एकदम सगळ्यांसमोर नाही, एका माणसासमोर. ते माणूस असं निवडा की बाबांसमोर त्याचा शब्द चालतो आणि ते आपल्या बाजूने उभं राहील. बहुतेक घरांत तो मामा असतो, कधी मोठी बहीण किंवा काकू. आई जवळची असली तरी तिला आधी सांगितलं की रात्रीतून बाबांच्या कानावर अर्धवट जातं आणि सकाळी आरडाओरड होते, म्हणून आईसोबत मामाही असेल अशी वेळ साधा.

विचारल्यासारखं बोलू नका. “मामा, मी काय करू?” म्हटलं की मामा सांगेल, “कर लग्न, सगळं ठीक होते.” त्याऐवजी असं: “मामा, मी हे लग्न करणार नाही. मी नोकरी सोडणार नाही आणि त्यांना घरी राहणारी पाहिजे. मी दोनदा विचारलं. बाबांना सांगताना तुम्ही माझ्याजवळ बसा.”

बाबांना सांगायची वेळ रात्रीच्या जेवणानंतरची बरी. मार्केट यार्डातून भाव पडलेला ऐकून आलेल्या माणसाला दारातच हे सांगू नये. त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात: खर्च किती बुडाला, लोक काय म्हणतील, धाकटीचं कसं होईल. यातल्या पहिल्याला आकड्यात उत्तर तयार ठेवा. समजा साक्षगंधाचं जेवण चाळीस हजार, तो पैसा गेला. कार्यालयाचा इसार पंधरा हजार, तारीख दुसऱ्या कोणाला गेली तर त्यातला काही परत मिळू शकतो, मालकाला आजच विचारायचं. दागिने अजून सोनाराकडून उचललेले नाहीत. पत्रिका छापलेल्या नाहीत. हे असं मांडलं की बाबांना दिसतं की आज थांबलं तर चाळीस-पन्नास हजारांत सुटतं आणि महिनाभराने तोच आकडा लाखांत जाईल. इज्जतीच्या प्रश्नाला आकडा नसतो. तिथे वाद न घालता ऐकून घ्यायचं आणि शेवटी तेच एक वाक्य पुन्हा म्हणायचं.

घर अजिबात ऐकत नसेल, कोंडून ठेवणं, मोबाइल काढून घेणं इथवर गेलं असेल, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. जीवावर बेतलं तर ११२. साक्षगंध झालं म्हणून कोणताही कायदा लग्न करायला लावत नाही, हे बाबांनाही शांतपणे सांगता येतं. मुलगी अठरा किंवा मुलगा एकवीसच्या आतला असेल तर प्रश्नच वेगळा. तो बालविवाह आहे आणि १०९८वर कळवता येतो.

त्याला किंवा तिला सांगणं

घर तयार झालं की दुसऱ्याच दिवशी. चार दिवस थांबलात तर बातमी मामाच्या सासुरवाडीवरून फिरत तुमच्या आधी तिकडे पोचते. आणि ज्याच्याशी साक्षगंध झालं त्याला हे तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे, सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाकडून नाही. बहुतेक घरांत उलटं करतात, मध्यस्थाला पुढे घालतात आणि मुलगा-मुलगी गप्प. मग मध्यस्थ आपली बाजू सावरायला काहीतरी जोडतो, आणि जोडलेलं ते नेहमी कोणाच्या तरी चारित्र्याबद्दल असतं.

भीती वाटत नसेल तर समोरासमोर सांगा. जागा तालुक्याची घ्या, बसस्टँडजवळचं एखादं बऱ्यापैकी हॉटेल, सकाळी अकराच्या सुमाराला, गर्दी असते पण गोंधळ नसतो. त्याच्या गावी नाही, तुमच्या घरी नाही, वावराच्या धुऱ्यावर तर नाहीच. नातेवाइकाच्या लग्नात किंवा पोळ्याच्या दिवशी नाही. दोघांनी आपापल्या गाडीने यावं आणि आपापल्या गाडीने जावं. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून परत यायचं ठरवलं, तर वाट संपेपर्यंत बोलणं संपत नाही. भाऊ किंवा मैत्रीण दोन टेबलं सोडून बसू द्या. अंतर फार असेल तर फोनवर सांगा, पण नुसत्या व्हॉट्सअॅपवर नको. तो मेसेज पाच मिनिटांत फॅमिली ग्रुपवर जातो.

बोलणं वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. पहिल्या दोन मिनिटांतच मुद्दा आला पाहिजे. चहा, तब्येत, तुरीचा भाव असं अर्धा तास झाल्यावर नकार आला की माणसाला तो सगळा अर्धा तास फसवणूक वाटतो. आपल्या उदाहरणातली मुलगी असं म्हणू शकते:

“मी तुम्हाले स्पष्ट सांगाले आली. मी हे लग्न करणार नाही. मी नोकरी सोडणार नाही आणि तुमच्या घराले घरी राहणारं माणूस पाहिजे, ते चुकीचं नाही, पण ते मी नाही. माझ्या घरी सांगून झालं आहे. तुमच्या घरी आज सांगा, उद्या सकाळी आमचे मामा तुमच्या बाबांले फोन करतील.”

यात निर्णय आहे, एक कारण आहे, घरी ठरलं असल्याचं आहे आणि पुढे काय होणार तेही आहे. ‘मला वाटतं’, ‘कदाचित’, ‘सध्या तरी’ यांतलं काहीही घालू नका. त्या प्रत्येक शब्दाला तो दोन महिने लटकून राहील.

मग तो बोलेल, आणि त्याचं ऐकायचं. तीन गोष्टी तर हमखास येतात. एक, “मंग कर ना नोकरी, मी कुठं नाही म्हणतो.” ही सगळ्यांत अवघड जागा. दोनदा विचारून न मिळालेलं उत्तर नकार ऐकल्यावर मिळालं तर ते धरायचं नाही, कारण ते उत्तर त्याच्या आईने दिलेलं नाही. म्हणा: “आता माझा निर्णय झाला आहे. ही अट नाही.” दोन, “दुसरा कोणी आहे का?” नसेल तर “नाही” म्हणा, एकदाच, शपथा न घेता. असेल तर खोटं बोलू नका, पण त्याचं नाव-गाव सांगायची गरज नाही. तीन, आणि आपल्या भागात हे फार खोल लागतं: “मी कास्तकार आहे म्हणून?” सध्या शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, त्याने आधीच दहा ठिकाणी हेच ऐकलेलं असतं. खरंच ते कारण नसेल तर ठाम सांगा की वावराचा यात संबंध नाही. ते कारण असेल तर ‘शेतीत काही राहिलं नाही’ हे भाषण देऊ नका. ‘मला शेतीवरच्या घरात राहायचं नाही, हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं’ एवढं पुरे.

समजूत काढायची म्हणून ‘तुम्हाले माह्यापेक्षा चांगली भेटन’ म्हणू नका. ऐकणाऱ्याला ते टोचतं. ‘आपण मित्र राहू’ हेही नको, निदान वर्षभर. आणि त्याचे दोष मोजायला तर बसूच नका, त्याने विचारले तरी. गुटखा, घोरणं, इंग्रजी न येणं, त्याच्या बहिणीचा स्वभाव, असं जे निघेल ते तो वीस वर्षं विसरणार नाही.

मुलगा नकार देत असेल तर क्रम हाच, फक्त एका गोष्टीचं भान जास्त ठेवावं लागतं. मुलीकडे सोयरीक मोडली की लोक मुलीतच खोट शोधतात. म्हणून मुलाने आपल्या तोंडाने, तिच्या आई-वडिलांसमोर, कारण माझ्याकडून आहे असं म्हणणं गरजेचं आहे. आणि दोघांत शरीरसंबंध आले असतील, तर बोलायच्या आधी वकिलाला भेटा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पूर्ण करायचा हेतूच नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. सुरुवातीपासून फसवणं आणि नंतर मन बदलणं यांत न्यायालयं फरक करतात, पण तो फरक तुमच्या बाबतीत कसा लागेल ते वकीलच सांगेल. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

तो म्हणाला, मी औषध पितो

हा भाग सावकाश वाचा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध खाटेखाली किंवा बैलांच्या गोठ्यात सहज पडलेलं असतं. म्हणून ‘मी जीव देईन’ हे वाक्य आपल्याकडे दबावासाठी बोललेलं असो की खरं, दोन्ही वेळा सारखंच धरायचं. तो खरं बोलतो की नाटक करतो, हे तुम्ही ओळखायला जाऊ नका.

फोन ठेवा आणि लगेच त्याच्या घरातल्या मोठ्या माणसाला फोन लावा, वडील, भाऊ, काका, जो उचलेल तो. म्हणा: “तो जीव द्यायचं बोलला आहे. घरातलं आणि वावरातलं सगळं औषध आत्ता उचलून शेजारी ठेवा. आज रात्री त्याला एकटं सोडू नका.” आत्महत्या पुष्कळदा रागाच्या काही मिनिटांत घडते, आणि त्या मिनिटांत औषध हाताशी नसलं तर माणूस वाचतो, म्हणून पहिला फोन औषध हलवण्यासाठी. घरचं कोणी उचलत नसेल तर ११२. त्याने बोलायची तयारी दाखवली तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर द्या, मराठीत बोलतात.

औषध पोटात गेलंच असेल तर १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, त्याने औषध फुप्फुसात जाऊ शकतं. औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्यायचा, म्हणजे डॉक्टरला नेमकं काय पोटात गेलं ते कळतं.

तुम्ही मात्र धावत त्याच्या गावी जायचं नाही आणि निर्णयही मागे घ्यायचा नाही. भीतीपोटी ‘बरं, करते लग्न’ म्हटलं, तर आठवड्याने हेच परत सांगावं लागेल आणि तेव्हा धोका आधीपेक्षा मोठा असेल.

बैठक आणि देणंघेणं

दोन घरांची बैठक आठ-दहा दिवसांत होऊन जाऊ द्या. दोन्हीकडचे मिळून सहा-सात जण, मध्यस्थ धरून. बैठक मध्यस्थाच्या घरी, दुपारी. संध्याकाळी ठेवली तर कोणी ना कोणी पिऊन येतो. मुलीला आणि मुलाला समोर बसवून जाब विचारायची पद्धत आहे, ती मान्य करू नका. त्यांचं बोलून झालेलं आहे.

जायच्या आधी यादी करा, एका कागदाच्या दोन प्रती. आपल्या उदाहरणात तिकडून आलेलं: अंगठी तीन ग्रॅम, पावतीसह, साक्षगंधाची साडी, चांदीचे जोडवे, एक मोबाइल. इकडून गेलेलं: मुलाची अंगठी चार ग्रॅम, कपड्यांचे पैसे अकरा हजार. वस्तू तशाच परत, नेसलेली साडीही धुऊन परत, समोरच्यांनी ‘राहू द्या’ म्हटलं तर गोष्ट वेगळी. सोनं देताना गावातल्याच सोनाराकडे दोघांसमोर वजन करा. ‘माझी अंगठी हलकी निघाली’ हे भांडण दोन वर्षांनीही उकरून निघतं. जेवणाचा खर्च ज्याने केला त्याचा, तो मागायचा नाही. कार्यालय आणि बिछायतीचा बुडालेला इसार मात्र नकार देणाऱ्या बाजूने निम्मा तरी उचलावा, कोणी मागायच्या आत. समोरच्याचे तेरा हजार बुडत असतील तर साडेसहा हजारांचं पाकीट बैठकीत ठेवा. राग एवढ्यानेही बराच खाली बसतो. हुंड्याच्या नावाने काही रक्कम गेली असेल तर तीही यादीत लिहा आणि पूर्ण परत मागा. ती ठेवून घ्यायचा हक्क कोणालाच नाही.

यादीखाली तारीख, दोन्हीकडच्या सह्या, मध्यस्थाची सही. गावात तंटामुक्ती समिती असेल आणि तिचा अध्यक्ष बरा माणूस असेल तर त्याला बसवायला हरकत नाही. तो समजावू शकतो, पण लग्न लावून देऊ शकत नाही. आणि जातीच्या पंचांनी सोयरीक मोडली म्हणून दंड मागितला किंवा रोटी-बेटी बंद करू अशी धमकी दिली, तर दंड भरू नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

बैठकीतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम शेवटी येतं आणि बहुतेक ते विसरून उठतात. गावाला काय सांगायचं ते एक वाक्य दोन्ही घरांनी मिळून ठरवायचं. आपल्या उदाहरणात: “पोरीच्या नोकरीचं जमलं नाही, दोन्ही घरांनी समजून थांबवलं.” आत्या विचारो की किराणा दुकानदार, उत्तर तेवढंच. वाक्य खरं असावं आणि त्यात कोणाचा दोष नसावा. पत्रिका जुळली नाही असं खोटं ठरवलं, तर पुढच्या स्थळासमोर ते उघडं पडतं.

फोन आणि फोटो

बैठक झाल्यावर साक्षगंधाचे फोटो सोशल मीडियावरून काढा, त्यालाही एकदा तसं सांगा, फोटोग्राफरलाही सांगा. दोघांतले खासगी फोटो असतील तर दोघांनी समोरासमोर डिलीट करावेत, अलीकडे हटवलेल्या फोल्डरमधूनही. पसरवायची धमकी आली तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि cybercrime.gov.in वर किंवा ठाण्यात तक्रार करा. देण्याघेण्याचा निरोप द्यायला एकच नंबर ठेवा, मामाचा. तुमच्या स्टेटसवर दुःखी गाणी नकोत, तशी आनंदाचीही नकोत, दोन-तीन महिने तरी.

नंतर कोणी चौकशीला आलं तर

सहा-आठ महिन्यांनी त्याच्यासाठी नवं स्थळ चालून येईल आणि त्या मुलीचे काका तुमच्या दारात येतील, कारण चौकशी करायची ती जिथे सोयरीक मोडली तिथेच, हा आपल्याकडचा रिवाज. पाणी, चहा झाल्यावर आवाज खाली करून ते विचारतील, “खरं सांगा, पोरात काही खोट होती का?” इथे अडखळू नका आणि सूचक हसूही नका, तेवढ्यानेही स्थळ मोडतं. बाबांनी सरळ म्हणावं: “नाही. आमच्या पोरीले नोकरी सोडाची नव्हती, म्हणून आमच्याकडूनच थांबलं. पोरगा निर्व्यसनी आहे, सात-बारा पाहून घ्या.” मारहाण किंवा हुंड्यावरून मोडलं असेल तर तेही लपवू नका. घडलं तेवढंच सांगा, ऐकीव काही जोडू नका.